शब्दाचे वजन मात्रांनी कसे मोजावे: द्वित्त व्यंजनाचा हिशोब

‘कला’ आणि ‘कल्ला’ हे दोन शब्द एकापाठोपाठ म्हणा. स्वर तेच, व्यंजने तीच, क्रमही तोच. फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात जीभ टाळूला टेकल्यावर जरा जास्त वेळ तिथेच राहते. एवढ्याशा मुक्कामाने अर्थ बदलतो आणि शब्दाचे वजनही बदलते. हे वजन नेमके किती, ते कुठून येते आणि प्रत्येक भाषेत येते का, हे तपासायची पद्धत इथे देतो. लघु-गुरू शाळेत शिकलेल्यांना निम्मी पद्धत आधीच येते. उरलेल्या निम्म्या भागात त्या नियमामागचे कारण आहे.

आधी शब्द तोडा, पण कानाने

इथे ‘अक्षर’ म्हणजे कागदावरचे चिन्ह नव्हे, तर उच्चारातला एक ठोका. प्रत्येक ठोक्यात एकच स्वर असतो. ‘कला’चे तुकडे क-ला असे पडतात, ‘कल्ला’चे कल्-ला असे. लिपी मात्र ‘ल्ला’ एकत्र लिहिते आणि डोळा फसतो. वाटते की दोन्ही ल दुसऱ्या अक्षरातलेच आहेत. खात्री करायची तर शब्द मुद्दाम तोडून, मध्ये थांबून म्हणा. ‘कल्... ला’ असे सहज जमते, ‘क... ल्ला’ म्हणताना तोंड अडखळते.

‘ल्ल’सारखे स्वतःशीच जोडलेले व्यंजन म्हणजे द्वित्त. ते दोनदा उच्चारले जात नाही, हेही इथेच लक्षात घ्या. तोंड एकदाच बंद होते, बंद राहते आणि एकदाच उघडते. म्हणून महाप्राण व्यंजनाचे द्वित्त करताना पहिला भाग अल्पप्राण राहतो. आपण ‘ख्ख’ न म्हणता ‘क्ख’ म्हणतो, ‘ध्ध’ न म्हणता ‘द्ध’ म्हणतो. हवेचा झोत तोंड उघडतानाच सुटू शकतो, आणि ते उघडते एकदाच. बंद होण्याचा क्षण पहिल्या अक्षरात पडतो, उघडण्याचा दुसऱ्यात. एकच व्यंजन असे दोन अक्षरांवर पाय ठेवून उभे असते.

मग मात्रा वाटा

ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घ स्वराला दोन. ऐ आणि औ दोनचेच. अक्षर व्यंजनाने बंद होत असेल तर त्या शेवटच्या व्यंजनाला आणखी एक. स्वराच्या आधी येणाऱ्या व्यंजनांना मात्र काहीच नाही, मग ते एक असो की तीन. ‘का’, ‘क्रा’ आणि ‘स्त्री’ या तिन्हींच्या मात्रा दोनच.

एका मात्रेचे अक्षर हलके म्हणजे लघु, दोन मात्रांचे जड म्हणजे गुरू. ‘कला’ = १ + २ = ३. ‘कल्ला’मध्ये ‘कल्’ व्यंजनाने बंद झाले आहे, म्हणून २ + २ = ४. अर्थाचा सगळा भेद या एका जादा मात्रेवर उभा आहे.

जाता जाता एक गंमत. ‘करतो’ लिहिताना तीन चिन्हे, पण बोलताना आपण ‘कर्-तो’ म्हणतो. छंदाच्या हिशोबाने १ + १ + २, बोलीच्या हिशोबाने २ + २. बेरीज दोन्हीकडे चारच. मधला अ गळाला, पण र मागच्या अक्षरात जाऊन बसला आणि मात्रा वाया गेली नाही.

जोडाक्षर दिसले की गुरू, ही घाई करू नका

‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘तुम्ही’ या शब्दांत दुसरे अक्षर जोडाक्षर आहे, तरी पहिले अक्षर लघुच राहते. शाळेत याला ‘आघात येत नाही’ असे सांगतात. त्यामागचे कारण असे की इथे झ्, न् किंवा म् मागच्या अक्षरात जातच नाही. आपण ‘तु-झ्या’ म्हणतो, ‘तुझ्-या’ नाही. दोन्ही व्यंजने स्वराच्या आधी आहेत, म्हणून मात्रा शून्य. ‘पत्ता’मध्ये मात्र तोडणी ‘पत्-ता’ अशीच पडते, त्यामुळे पहिले अक्षर गुरू. थोडक्यात, मात्रा मिळते ती व्यंजनाच्या जागेमुळे. ते कागदावर कसे लिहिले आहे याचा तिच्याशी संबंध नाही.

लांबी मोजून पाहा

कानावर भरवसा नसेल तर फोनवर दोन शब्द ध्वनिमुद्रित करा आणि प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ध्वनीच्या आकृतीत त-ट-प-क यांसारख्या अघोष स्पर्शवर्णांचा बंद काळ सपाट, शांत पट्ट्यासारखा दिसतो. त्याची लांबी मिलिसेकंदांत वाचता येते. साध्या व्यंजनाच्या तुलनेत द्वित्त व्यंजनाचा हा काळ बहुतेक भाषांत दीडपट ते तिप्पट भरतो.

जोडी मात्र जपून निवडा. ‘खडा’ आणि ‘खड्डा’ ही जोडी पहिल्यांदा सुचते, पण ती इथे चालत नाही. दोन स्वरांमधला साधा ड आपण जीभ झटकून म्हणतो आणि ड्ड म्हणताना ती टेकवून धरतो. म्हणजे फरक केवळ लांबीचा उरत नाही, उच्चाराची तऱ्हाच बदलते. ‘कला-कल्ला’ किंवा ‘हला-हल्ला’ अर्थाच्या दृष्टीने स्वच्छ जोड्या आहेत, पण ल आणि स्वर यांची हद्द आकृतीत पुसट दिसते. मोजायला सोपे म्हणून ‘सता’ आणि ‘सत्ता’ घ्या. ‘सता’ हा निव्वळ ध्वनिसमूह म्हणून म्हटला तरी चालेल.

मोजताना आधीचा स्वरही मोजा. इटालियनमध्ये ‘फातो’ म्हणजे नशीब आणि ‘फत्तो’ म्हणजे केलेले. द्वित्त नसेल तिथे आघाताचा, म्हणजे जोर देऊन म्हटलेला स्वर लांबतो, द्वित्त असेल तिथे तो आखूड राहतो. दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर दोन मात्रांचेच होते, फक्त एकात दुसरी मात्रा स्वराने भरली आहे आणि दुसऱ्यात व्यंजनाने. फिनिश भाषा या दोन्ही वाटा वेगवेगळ्या अर्थांसाठी वापरते. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. पहिल्याच्या मात्रा दोन, पुढच्या दोघांच्या तीन-तीन. जादा मात्रा स्वराला दिली तर वारा, व्यंजनाला दिली तर जकात.

जपानीत ठोका अक्षराचा नव्हे, मात्रेचा असतो, म्हणून द्वित्ताचा पहिला अर्धा भागही ठोका म्हणून स्वतंत्रच मोजतात. ‘किते’ दोन ठोक्यांचा, ‘कित्ते’ तीन ठोक्यांचा: कि-त्-ते. हायकूतले ५-७-५ हे मोजमाप याच ठोक्यांचे आहे. म्हणून ‘निप्पोन’ तिथे चार भरतो: नि-प्-पो-न्.

खरी कसोटी: व्यंजन गेल्यावर मात्रा कुठे जाते ते पाहा

मात्रा ही मोजणाऱ्याची सोय आहे की भाषेतली खरी वस्तू, ही शंका रास्त आहे. तिचे मला सर्वांत पटणारे उत्तर शब्दांच्या इतिहासात आहे.

संस्कृत ‘सप्त’ घ्या: सप्-त, २ + १. प्राकृतात दोन वेगळ्या व्यंजनांचे द्वित्त झाले: सत्-त, पुन्हा २ + १. पुढे मराठी-हिंदीकडे येताना द्वित्त मोडून एकच त उरला. आता पहिले अक्षर एका मात्रेचे व्हायला हवे होते. तसे झाले नाही. स्वर लांबला: सा-त, परत २ + १. शेवटचा अ बोलण्यातून गेला तो त्यानंतर. कर्म-कम्म-काम आणि दुग्ध-दुद्ध-दूध यांचीही हीच वाट. पंजाबीने हे शेवटचे पाऊल टाकलेच नाही. तिथे आजही सत्त, कम्म, दुद्ध आहे. हत्तीचा शब्द तर मध्येच फुटला. प्राकृत ‘हत्थी’पासून हिंदीने स्वर लांबवून ‘हाथी’ केला, मराठीने द्वित्त राखून ‘हत्ती’ ठेवला. दोन्हींच्या मात्रा चारच.

आता उलट बाजू. अक्षराच्या सुरुवातीच्या व्यंजनाला मात्रा नसते, असे आपण वर धरले. तसे असेल तर ते गळाल्यावर भरपाईही होता कामा नये. ‘कर्ण’ आणि ‘व्रण’ शेजारी ठेवा. दोन्हींतला र गेला. ‘कर्ण’मध्ये र अक्षराच्या शेवटी होता: कर्ण, कण्ण, कान. स्वर लांबला. ‘व्रण’मध्ये तो स्वराच्या आधी होता, आणि मराठीत उरला ‘वण’. स्वर जसाच्या तसा ऱ्हस्व. गळालेला वर्ण एकच असून परिणाम वेगळा झाला, कारण त्याची जागा वेगळी होती. भाषाशास्त्रज्ञ ब्रूस हेज यांनी १९८९ मध्ये मात्रांच्या सिद्धांताची मांडणी केली ती अशाच भरपाईच्या दीर्घत्वावरून.

तीन मात्रांच्या अक्षराचे काय होते, तेही याच काळात दिसते. ‘मार्ग’मधले ‘मार्’ तीनचे आहे. पाली-प्राकृतांना एका अक्षरात दोनपेक्षा जास्त मात्रा सहसा चालत नसत. म्हणून ‘मार्ग’चा ‘मग्ग’ झाला, ‘रात्रि’चा ‘रत्ति’. पालीत ‘दीर्घ’चा मात्र ‘दीघ’ झाला: इथे स्वर राखला आणि व्यंजन सोडले. काटछाट कुठेही करा, अक्षर दोनवर येऊन थांबते.

तुमच्या भाषेला हे वजन लागू आहे का, ते शेवटी तपासा

द्वित्त आहे म्हणजे अक्षर जड, हे सगळीकडे खरे नाही. तपासायला त्या भाषेतला एखादा असा नियम शोधा, जो हलके-जड पाहून चालतो. वृत्त, आघाताची जागा किंवा शब्दाची किमान लांबी ठरवणारा नियम चालेल. मग दीर्घ स्वराचे अक्षर आणि द्वित्ताने बंद झालेले अक्षर त्या नियमापुढे सारखे वागतात का ते पाहा.

लॅटिनमध्ये शेवटून दुसरे अक्षर जड असेल तर आघात त्यावर पडतो, आणि तिथे दीर्घ स्वर किंवा बंद अक्षर दोन्ही चालतात. मल्याळममध्ये मात्र गणित वेगळे निघते. तिथे आघात साधारणपणे पहिल्या अक्षरावर असतो. पहिल्यात ऱ्हस्व आणि दुसऱ्यात दीर्घ स्वर असेल तर तो दुसऱ्यावर सरकतो. ‘पट्टाळम्’ या शब्दात पहिले अक्षर ‘पट्’ द्वित्ताने बंद आहे. द्वित्ताला वजन असते तर आघात तिथेच थांबला असता. तो ‘टा’वर जातो. म्हणजे मल्याळमच्या आघाताच्या नियमाला फक्त स्वराची लांबी दिसते, द्वित्त दिसत नाही, जरी त्याच भाषेत द्वित्ताने शब्दांचे अर्थ बदलतात. अशा भाषेत लांबीचा भेद आणि अक्षराचे वजन हे दोन रकाने वेगवेगळे भरा.