फ्लोट एक-दोन दिवसांचाच उरला असेल, तर वेळापत्रकातल्या या चुका टाळा

दर आठवड्याला वेळापत्रक अपडेट केले की क्रिटिकल पाथ बदलतो. मागच्या सोमवारी स्लॅबचे काम लाल दिसत होते, या सोमवारी पंपांचा पुरवठा लाल झाला, पुढच्या खेपेला वीजजोडणी होईल. साइटवर मग "सॉफ्टवेअर काहीतरी गडबड करतंय" असे बोलले जाते. सॉफ्टवेअर बरोबरच असते. तुमच्या जाळ्यात जवळपास सारख्या लांबीचे दोन-तीन मार्ग आहेत आणि त्यांतला कोणता सर्वांत लांब ठरेल हे अजून नक्की झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका छोट्या पंपगृहाचे उदाहरण घेऊ. सगळे दिवस कामाचे धरले आहेत.

| काम | आधी काय संपायला हवे | दिवस |
|---|---|---|
| क. खोदाई व पाया | – | 18 |
| ख. भिंती व स्लॅब | क | 32 |
| ग. पंपसंचाची ऑर्डर व पुरवठा | – | 49 |
| घ. पंप बसवणे | ख, ग | 10 |
| च. ट्रान्सफॉर्मरची मंजुरी व पुरवठा | – | 44 |
| छ. ट्रान्सफॉर्मर व केबल जोडणी | च | 14 |
| ज. चाचणी | घ, छ | 5 |

बांधकामाचा मार्ग क-ख-घ-ज 65 दिवसांचा आहे, म्हणून तो क्रिटिकल. पंपांचा मार्ग ग-घ-ज 64 दिवसांचा, फ्लोट 1. विजेचा मार्ग च-छ-ज 63 दिवसांचा, फ्लोट 2. बार चार्टवर एकच मार्ग लाल दिसतो आणि बैठकीतला सगळा वेळ त्याच्यावर जातो.

पहिली चूक: फक्त शून्य फ्लोटकडे बघणे

आकड्याच्या जोडीला त्या आकड्याची खात्री किती, हेही विचारायला हवे. बांधकाम आपल्या हातात आहे. पाया 15 ते 21 दिवसांत आणि भिंती-स्लॅब 29 ते 35 दिवसांत होईल, असे मिस्त्री भरवशाने सांगतो. पंपांचा पुरवठा मात्र 37 दिवसांतही होऊ शकतो किंवा 61 दिवसही खाऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरचे 35 ते 53. पेर्टच्या नेहमीच्या रीतीने कमाल आणि किमान यांतल्या फरकाला 6 ने भागले की प्रमाण विचलन मिळते: पाया 1, भिंती-स्लॅब 1, पंप 4, ट्रान्सफॉर्मर 3. एका मार्गावरच्या दोन कामांची विचलने सरळ मिळवायची नसतात. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे असते, म्हणून बांधकामाचे एकूण विचलन 1.4 येते. उरलेल्या कामांचे दिवस सोयीसाठी पक्के धरू.

आता पंपांच्या मार्गाचा फ्लोट 1 दिवस आणि विचलन 4 दिवस. हा फ्लोट कागदापुरताच आहे. कोणता मार्ग निअर-क्रिटिकल मानायचा, हे मी याच तुलनेने ठरवतो: फ्लोट त्या मार्गाच्या विचलनाहून कमी असेल, तर त्याच्यावर क्रिटिकल मार्गाइतकेच लक्ष हवे. "10 दिवसांखालचे सगळे" अशी सरसकट मर्यादा त्यामानाने कच्ची पडते, कारण 6 दिवसांचा फ्लोट पायाच्या कामाला भरपूर असतो आणि आयात मालाला अपुरा.

दुसरी चूक: एकाच मार्गावरून तारीख कबूल करणे

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण हिशेब वरवर अगदी शास्त्रशुद्ध दिसतो. क्रिटिकल मार्ग 65 दिवसांचा, विचलन 1.4. मग 67 दिवसांत काम होण्याची शक्यता 92 टक्के, आणि तारीख कबूल केली जाते.

पण चाचणी सुरू व्हायला तिन्ही मार्ग पोचलेले असावे लागतात. बांधकाम वेळेवर येण्याची शक्यता 92 टक्के, पंपांची 77, विजेची 91. मार्ग एकमेकांवर अवलंबून नसतील तर तिन्हींचा गुणाकार करायचा, आणि तो येतो 65 टक्के. 65 दिवसांची मूळ तारीख धरली तर परिस्थिती आणखी वाईट: 50, 60 आणि 75 टक्क्यांचा गुणाकार जेमतेम 22 टक्के. कुठल्याही एका मार्गाचा अंदाज चुकलेला नाही, तरी प्रकल्प पाचांपैकी चार वेळा उशिरा संपेल. मार्ग जिथे एकत्र येतात तिथला हा तोटा आहे, आणि पेर्टचा साधा हिशेब एकच मार्ग धरत असल्याने तो त्यात दिसत नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ज्याला आपण क्रिटिकल पाथ म्हणतो, तो बांधकामाचा मार्ग प्रत्यक्षात सर्वांत लांब ठरण्याची शक्यता सुमारे 45 टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा प्रकल्पाला उशीर लावणारे काम लाल रंगात नसेलच.

गुणाकाराला एक मर्यादा आहे. एकाच पावसाने तिन्ही मार्ग अडत असतील तर ते एकत्रच मागे पडतात आणि गुणाकार शक्यता थोडी कमी दाखवतो. उलट पाया आणि स्लॅब दोन्ही एकाच पावसावर अवलंबून असतील, तर त्या मार्गाचे विचलन 1.4 वरून 2 पर्यंत वाढू शकते. पावसाळा वेळापत्रकात येत असेल तर हे दोन्ही परिणाम तपासा.

तिसरी चूक: लाल कामावर ओव्हरटाइम ओतणे

समजा जादा गँग लावून भिंती-स्लॅबचे 4 दिवस कमी केले. प्रकल्प 65 वरून 61 वर येत नाही, 64 वरच थांबतो, कारण आता पंपांचा मार्ग सर्वांत लांब. चार दिवसांचा खर्च, एका दिवसाचा फायदा.

ग्राहकाला 68 दिवस कबूल केले असतील तर निर्णय आणखी स्पष्ट होतो. काहीच केले नाही तर शक्यता 79 टक्के. स्लॅबचे 4 दिवस वाचवले तर ती 80 होते, म्हणजे पैसे पाण्यात. तेच 4 दिवस पंपांच्या पुरवठ्यातून काढले, म्हणजे ऑर्डर आधी दिली किंवा कारखान्यातली तपासणी लवकर ठरवली, तर शक्यता 91 टक्क्यांवर जाते. मात्र कबूल तारीख 65 दिवसांची असेल तर चित्र उलटते: स्लॅबमुळे 22 वरून 45, पंपांमुळे फक्त 33. म्हणून खर्चाआधी तारीख विचारा, आणि प्रत्येक पर्यायाचा हिशेब त्या तारखेवर करा.

सॉफ्टवेअरमध्ये काय बदलायचे

एमएस प्रोजेक्टमध्ये पर्यायांच्या `Advanced` पानावर `Tasks are critical if slack is less than or equal to` ही नोंद असते. तिथे 0 ऐवजी 4 टाकला की आपल्या जाळ्यातले तिन्ही मार्ग लाल दिसू लागतात. प्रायमाव्हेरा पी6 मध्ये वेळापत्रकाच्या पर्यायांत `Calculate multiple float paths` आहे. त्यातून मार्ग क्रमाने वेगळे मिळतात, आणि मोठ्या जाळ्यात नुसत्या फ्लोटच्या चाळणीपेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

आणि हे सगळे करण्याआधी कॅलेंडर तपासा. वरच्या जाळ्यात पंपांचे 49 दिवस कामाचे आहेत. पुरवठादाराने "सात आठवड्यांत देतो" म्हटले आणि कोणी ते 49 असे भरले, तर सहा दिवसांच्या आठवड्यात खरे दिवस 42 होतात. फ्लोट 1 नसून 8 निघतो, आणि जिथे पाठपुरावा करायचा ते काम पंपांचे नव्हे, ट्रान्सफॉर्मरच्या मंजुरीचे ठरते.