एक खोली, एक रात्र: जागेच्या अडचणीतून कथेचा ताण कसा उभा करावा

एका खोलीत, एका रात्रीत घडणारी कथा लिहायची म्हटलं की आपण आधी भांडण शोधतो. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोण काय लपवतंय, याचा विचार करतो आणि मग ती माणसं कुठल्या तरी खोलीत नेऊन बसवतो. अशा कथेतली खोली नुसती मागच्या पडद्यासारखी राहते. हीच माणसं हॉटेलात बसली असती तरी तेच बोलली असती. म्हणून मी उलट्या क्रमाने जायला सांगेन. आधी खोली मोजा आणि तिच्यात माणसांना हलायला कुठे जागा नाही ते बघा. भांडणाला तोंड बऱ्याचदा तिथेच फुटतं.

एक कथा घेऊन हे पायरीपायरीने करून बघू. लालबागच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची खोली. सासूबाई संध्याकाळी गेल्या. थोरला मुलगा सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालाय, सकाळी सातपर्यंत पोहोचेल. तोवर मयत घरात ठेवायची आहे. भेटायला आलेली माणसं साडेअकरापर्यंत पांगली. आता खोलीत धाकटी विधवा सून सुनंदा, तिचा झोपलेला सात वर्षांचा मुलगा, तीन महिन्यांपूर्वी माहेरी परत आलेली नणंद मंगलताई आणि सोबतीला थांबलेल्या शेजारच्या काकू आहेत.

पहिली पायरी: खोलीचा नकाशा काढा

चौकटीचा कागद घ्या आणि आकडे लिहा. खोली 10 फूट रुंद, 16 फूट लांब. दार गॅलरीत उघडतं. त्याच्या समोरच्या टोकाला ओटा आणि मोरी. डाव्या भिंतीला तीन फूट रुंदीची कॉट, तिच्यावर मुलगा झोपलाय. रुंदीतले तीन फूट गेले, उरले सात. सासूबाई पाच फुटी, त्यांना खोलीच्या मध्यावर आडवं ठेवलंय, पाय उजव्या भिंतीला टेकलेत. म्हणजे डोकं आणि कॉट यांच्यामध्ये राहिले दोन फूट, आणि तिथे उशाशी दिवा तेवतोय.

इथे थांबून कागदाकडे नीट बघा. मयत ओलांडायची नाही, हे या घरात कोणाला सांगावं लागत नाही. म्हणजे मयतीच्या आडव्या रेषेने खोलीचे दोन भाग झाले. दाराकडच्या भागातून मोरीकडे जायचं तर वाट एकच, दिवा बाजूला सरकवून. दिवा हलवायला हात पुढे केला की सगळ्यांच्या नजरा तिकडे वळणार. एकही संवाद लिहिलेला नाही, तरी पाण्यासाठी उठणंसुद्धा आता अवघड झालंय.

मग माणसांच्या जागा ठरवा. सुनंदा आणि काकू दाराकडे बसल्यात, मंगलताई मोरीकडे. आणि सुनंदाला जे हवंय ते मोरीच्या बाजूला, कॉटखालून अर्धी बाहेर असलेल्या ट्रंकेत आहे. हवी असलेली वस्तू आणि माणूस यांना आडरेषेच्या दोन बाजूंना ठेवा. दोघं एकाच बाजूला असतील तर नकाशा पुन्हा काढा.

दुसरी पायरी: जाता न येण्याचं कारण माणसांच्या मनातलं असू द्या

बाहेरून लागलेली कडी, पूर, बंद पडलेली लिफ्ट ही कारणं पानभर पुरतात. वाचकाला ठाऊक असतं की कोणीतरी येऊन दार उघडेल. इथे दार सताड उघडं आहे, गॅलरीत दिवा आहे, तरी कोणी जाऊ शकत नाही, कारण मयतीला एकटं सोडत नाहीत. त्याखाली आणखी एक कारण दडलंय. दोघींपैकी जी बाहेर जाईल, तिच्या पाठीमागे दुसरी खोलीत राहील.

चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला असतो, तेव्हा रात्रीतून एकदा तरी उठावं लागणारच. नवे लेखक ही गोष्ट गाळतात. गाळू नका. मंगलताई पाच मिनिटांसाठी बाहेर गेली की निवेदन खोलीतच ठेवा. सुनंदा दिव्याकडे हात नेते, काकू डोळे उघडून विचारतात, "तेल घालायचंय का गं?" आणि ती म्हणते, "हो, बघत होते." वाट मोकळी होती, साक्षीदार मात्र जागा होता.

तिसरी पायरी: भांडणाची वस्तू एकच ठेवा

ट्रंकेत एक कागद आहे. खोलीची भाडेपावती सुनंदाच्या नावावर करून द्यावी, असा सासूबाईंचा घरमालकाला अर्ज, त्यावर त्यांचा अंगठा. तो द्यायचा राहून गेला. मंगलताईला याचा पत्ता नाही.

कागदाचं वजन काय, हे लेखकाला पक्कं माहीत हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर मरणाच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होऊ शकतो, आणि घरच्यांत एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं. म्हणजे या रात्रीचा खरा प्रश्न अंगठ्याचा नाही. ‘आईसोबत राहत कोण होतं?’ हा आहे. नणंदही तीन महिने इथेच होती. मात्र हा कायदा कोणाच्या तोंडी घालू नका. मंगलताई एवढंच म्हणेल, "शेवटचे तीन महिने मी होते आईजवळ. दादाला माहितीये." सुनंदाला कळेल तिला काय म्हणायचंय, आणि वाचकालाही.

ट्रंकेबद्दल एक सावधगिरी. एकांकिकेत ट्रंक रंगमंचावर सतत दिसत असते. कथेत तुम्ही उल्लेख केला नाहीत की ती नाहीशी होते. दर दीड-दोन पानांनी ती सहज नजरेस पडू द्या. कोणीतरी तिला पाठ टेकतं, मुलाची गोधडी तिच्यावर घसरते. कागद आत आहे हे मात्र एकदाच सांगा, आणि लवकर सांगा. शेवटासाठी राखून ठेवलंत तर वाचकाला धक्का बसेल, पण त्याआधीचा सगळा वेळ त्याला काळजी कसलीच नसेल.

चौथी पायरी: घड्याळ खोलीतच शोधा

‘रात्रीचे दोन वाजले’ असं लिहून रात्र पुढे सरकत नाही. या खोलीत वेळ मोजणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली लोकलचा आवाज. रात्री एकच्या सुमाराला तो थांबतो आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होतो. मधली शांतता हीच कथेची सर्वांत कठीण वेळ. दुसरी गोष्ट पहाटे साडेचारला मोरीतल्या नळाला येणारं पाणी.

तिसरी माझ्या मते सर्वांत मोलाची: बर्फ. मयत रात्रभर ठेवायची म्हणून लाद्या आणून भुशात लावल्यात. बर्फ वितळतो आणि पाणी फरशीच्या उताराने जातं. उतार मोरीकडे, आणि मोरीच्या वाटेवर ट्रंक. आता घड्याळ आणि धोका एकच झाले. बारा वाजता फरशी ओलसर आहे. दीडला पाण्याची एक रेघ निघालीय. अडीचला ती ट्रंकेपासून वीतभर लांब आहे. सुनंदा पलीकडून नुसती बघतेय.

तुमच्या कथेत बर्फ नसेल. पण प्रत्येक खोलीत काहीतरी संपत, साचत किंवा विझत असतं. ते शोधा, आणि ते नायिकेच्या हव्या असलेल्या वस्तूकडे कसं सरकेल ते नकाशावर बघा.

पाचवी पायरी: मधला झोल ओळखा

अशा कथा दोन ते चारच्या दरम्यान मरतात. माणसं बसलेली असतात, लेखकाला काही सुचत नाही, आणि मग आठवणी सुरू होतात: लग्न झालं तेव्हा, नवरा गेला तेव्हा. मी या कथेच्या पहिल्या खर्ड्यात हेच केलं होतं. सुनंदाचं अख्खं माहेर मी तिथे आणून ठेवलं, आणि वाचून बघितल्यावर लक्षात आलं की दोन पानं खोलीतला बर्फ वितळतच नव्हता.

तपासायची रीत साधी आहे. खर्ड्यातल्या खोलीबाहेर नेणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. सलग तीन वाक्यांखाली रेघ आली की तिथे भिंतीला भोक पडलंय. आठवण ठेवायचीच असेल तर ती खोलीतल्या वस्तूपासून सुरू करा आणि खोलीतल्या हालचालीवर संपवा. सासूबाईंच्या पायातली जोडवी दिसली, ती कोणी करून दिली ते आठवलं, आणि तेवढ्यात मंगलताईने तिकडेच बघितलं. एवढं पुरे.

मोबाइलचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. बॅटरी संपवू नका, वाचक तुमच्यावरचा विश्वास गमावेल. फोन वाजू द्या. पावणेतीनला दादाचा फोन येतो, गाडी दीड तास उशिरा आहे. बाहेरचं जग मदतीला आलं नाही, त्याने रात्र लांबवली. शिवाय फोन मंगलताईच्या मोबाइलवर आला, सुनंदाच्या नाही. तिने तो स्पीकरवर टाकला नाही, हेही लिहा.

आणि याच शांततेत सर्वांत मोठी हालचाल ठेवा. पाणी ट्रंकेला टेकतं. ते आधी मंगलताईलाच दिसतं, आणि ती चांगुलपणाने म्हणते, "अगं, ट्रंक भिजेल," आणि ओढायला वाकते. "राहू दे ताई," सुनंदा म्हणते, जरा जास्तच मोठ्याने. काकूंची जपमाळ थांबते. मंगलताई ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून तशीच वाकलेली. इथे मंगलताईला दुष्ट करू नका. ती मदतच करतेय, म्हणून सुनंदाकडे तिला अडवायला कारण नाही. लगेच दोघींना मनातलं सगळं बोलायलाही लावू नका. "त्यात काय आहे?" हा प्रश्न मंगलताईने विचारायचा नाही. तिने हात काढून घ्यायचा, पुन्हा बसायचं, आणि या वेळी ट्रंकेला टेकून बसायचं.

शेवट कुठे करायचा

दादाच्या पावलांवर नको. तो आला की निर्णय त्याच्या हातात जातो आणि रात्रभर ताटकळलेल्या दोघी बाजूला पडतात. शेवट नकाशातूनच काढा. अजून न वापरलेलं काय राहिलंय? नळ.

साडेचारला मोरीत नळ गुरगुरतो. पाणी भरायलाच हवं, सकाळी अंघोळ घालायची आहे. मोरीच्या बाजूला मंगलताई आहे, तीच उठते. हंडा नळाखाली धरते, तो बसत नाही. नळी कुठे असते ते तिला माहीत नाही. पिंपाचं झाकण काढते, ते कळशीचं निघतं. पाणी वाहून जातंय, आणि ते पाऊण तासच असतं. पलीकडून सुनंदा बसल्या जागेवरून सांगते, "नळी ओट्याखाली, डाव्या हाताला. आधी थोडं सोडून द्या, गढूळ येतं." मंगलताई वाकते, नळी तिथेच सापडते. काकू एकदा हिच्याकडे बघतात, एकदा तिच्याकडे. मग पुढे होऊन उशाशी असलेला दिवा उचलून हातात धरतात, आणि दोन फुटांची वाट सुनंदासाठी मोकळी होते.