राजमा: रात्रभर भिजवा, पाणी फेका आणि खळखळून उकळा

मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर कच्ची खाल्ली तरी सहसा कोणाला काही होत नाही. त्याच वाडग्यात हौसेने मूठभर मोड आलेला राजमा घातला, तर दोन-तीन तासांत घरातली माणसं एकामागोमाग मोरीकडे धावू शकतात. लाल राजम्याचे चार-पाच कच्चे दाणेही त्याला पुरतात.

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत राजमा तसा उशिरा आला, शेजारच्या पंजाबी स्वयंपाकघरांतून. त्यामुळे मटकी-वालाच्या सवयी आपण त्याला जशाच्या तशा लावतो. मोड काढतो, वाफ देतो, थोडे कचकचीत ठेवतो. मटकीचं त्यात बिघडत नाही, राजम्याचं बिघडतं. साताऱ्याकडचे नातेवाईक वाघ्या घेवडा पाठवतात तोही याच जातीचा, म्हणून पुढचं सगळं त्यालाही लागू धरा.

दाण्यात असतं काय

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते लेक्टिन गटातलं. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात, त्यांना जाऊन चिकटणं हा लेक्टिनांचा गुण. परीक्षानळीत हे प्रथिन रक्ताच्या लाल पेशींत मिसळलं की पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. त्याचं नावही या गुणावरूनच पडलं आहे. पोटात गेल्यावर ते आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतं. डाळीतलं साधं प्रथिन आपले पाचकरस तोडून टाकतात, हे मात्र त्यांना सहज दाद देत नाही. अस्तर दुखावतं, मग मळमळ, जोराच्या उलट्या आणि मागून जुलाब.

त्याचा जोर मोजायचं एकक या रक्तपेशींच्या गुठळ्यांवरूनच ठरवलेलं आहे. कच्च्या लाल राजम्यात तो साधारण २०,००० ते ७०,००० एकक भरतो आणि नीट शिजवलेल्यात २०० ते ४००. पांढऱ्या राजम्यात लाल राजम्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे कमी, पण तोही कच्चा खाण्याजोगा नाही. मोड आणल्याने काही भाग घटतो, पण भरवसा ठेवावा इतका नाही.

पहिलं काम: भिजवणं

चार माणसांसाठी एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम राजमा घ्या. निवडून, धुऊन त्यात तिप्पट-चौपट पाणी घाला. कमीत कमी पाच तास हवेत, पण सोयीचं म्हणजे रात्री भिजवून सकाळी करणं. सकाळपर्यंत दाणे फुगून दुपटीच्या आसपास होतात. मेच्या उकाड्यात भांडं ओट्यावर ठेवलं तर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो, तेव्हा ते फ्रीजमध्ये ठेवावं.

भिजवण्याने सगळं विष निघून जातं, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. थोडं लेक्टिन पाण्यात उतरतं, त्याचबरोबर पोटात वायू करणाऱ्या काही शर्कराही उतरतात. पण भिजवण्याचा खरा उपयोग पुढे होतो. पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचलेलं असलं की उकळताना आतलं प्रथिन लवकर मोडतं. कोरड्या गाभ्यात तेच काम रेंगाळतं. म्हणून घड्याळापेक्षा दाणा बघावा. सालीवर एकही सुरकुती नको. एक दाणा नखाने उभा फोडून पाहा. दोन्ही डाळिंब्या आतून सारख्याच ओलसर दिसायला हव्यात. मधोमध खडूसारखा पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर अजून दोन तास भिजू द्या.

मग ते पाणी ओतून टाका. "सत्त्व जातं गं त्यातलं," असं आमच्या सासूबाई अजून म्हणतात आणि मुगाच्या बाबतीत मी त्यांचं ऐकतेही. राजम्याचं पाणी मात्र कुंडीत जातं. दाणे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा खळबळून काढा.

दुसरं काम: उकळणं

इथेच बहुतेक घोटाळे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दाणे ताज्या पाण्यात घाला. पाणी दोन बोटं वर हवं. आच मोठी ठेवा. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळी आली असं नाही. मधोमध पाणी खळाखळा वर यायला हवं, डावाने ढवळलं तरी ते थांबता कामा नये. तिथून वेळ मोजायला लागा. या उकळीत दहा मिनिटांत लेक्टिनचा जवळजवळ सगळा जोर संपतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा सल्ला मात्र ३० मिनिटांचा आहे. घरच्या पातेल्यात प्रत्येक दाण्याच्या गाभ्याला पूर्ण उष्णता पोचायला उशीर लागू शकतो, त्यासाठी ही जादा वेळ धरलेली आहे. मी ३० मिनिटंच धरते. मध्येच गार पाणी घातलं आणि उकळी बसली, तर ती पुन्हा आल्यावर मोजणी पहिल्यापासून करायची. भंडाऱ्याच्या मोठ्या कढईत हे फार महत्त्वाचं, कारण कड उकळत असते आणि मधला ढीग नुसता कोमट असतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांवर उकळतं. अर्ध्या तासाच्या हिशोबात हा फरक सहज भरून निघतो. महूच्या फौजी घरांतून लेहला बदली झालेल्यांनी मात्र उघड्या पातेल्याच्या भरवशावर राहू नये. तिथे पाणी ९० अंशांच्याही खालीच उकळतं, म्हणून कुकर हवाच.

कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या घरात जातं आणि लेक्टिनचा प्रश्न लवकर मिटतो. भिजवलेले २०० ग्रॅम दाणे मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या, मग आच मंद करून १५ ते २० मिनिटं ठेवा आणि दाब आपोआप उतरू द्या. मी आधी झाकण न लावता पाच-दहा मिनिटं उकळून फेस काढते. फेस शिट्टीत अडकत नाही, एवढाच त्यामागचा हेतू आहे. विषासाठी ते गरजेचं नाही.

गरम आणि उकळतं, यात फरक आहे

राजमा अर्धवट तापवणं कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतं. ब्रिटनमध्ये १९७६ साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि ती आजारी पडली. तिथून या विषयाची रीतसर नोंद होऊ लागली. पुढच्या तपासण्यांत दिसलं की राजमा सुमारे ८० अंशांपर्यंतच तापवला तर लेक्टिनचा मोजता येणारा जोर कमी होण्याऐवजी पाचपटीपर्यंत वाढू शकतो.

म्हणून इलेक्ट्रिक भांड्यातला 'स्लो कुक' राजम्यासाठी थेट वापरू नका. अनेक भांडी त्या सेटिंगवर उकळीपर्यंत जातच नाहीत. आधी गॅसवर अर्धा तास उकळा, मग रस्सा हवा तितका वेळ मंद ठेवा. पेटीच्या सोलर कुकरचंही तेच. स्वच्छ उन्हात तो उत्तम चालतो, पण श्रावणातल्या ढगाळ दुपारी तो नेमका या धोक्याच्या तापमानाशी अडकू शकतो. राजमा रात्रभर निखाऱ्यावर किंवा गरम पाण्याच्या थर्मासमध्ये 'मुरवायचा' असेल, तर तोही आधी उकळलेला हवा.

कोरडं भाजणंही चालत नाही. जपानमध्ये २००६ साली वजन उतरवण्याचा उपाय म्हणून टीव्हीवर पांढरा राजमा काही मिनिटं भाजून, दळून भातावर भुरभुरवायला सांगितला गेला आणि शंभराहून जास्त माणसांना उलट्या-जुलाब झाले. भाजणीत किंवा 'प्रोटीन पावडर'मध्ये राजमा घालायची कल्पना कोणी सुचवली, तर ती तिथल्या तिथे मोडून काढा. घालायचाच असेल तर उकळलेला, वाळवलेला घाला.

मऊ झाला नाही तर

दहा मिनिटं उकळलेला दाणा विषाच्या दृष्टीने बराच निवळलेला असतो, पण दाताखाली कच्चाच लागतो. उलट खायच्या सोड्याने दाणा लवकर मऊ पडतो, पण म्हणून उकळीची वेळ कापायची नाही. मऊपणा आणि लेक्टिन हे दोन वेगळे हिशोब आहेत, दोन्ही चुकते करायचे.

आपल्याकडे राजमा न शिजण्याची कारणं बहुधा दोन असतात. एक, दाणा जुना आणि दमट जागी राहिलेला. असा दाणा तासभर शिजवला तरी गाभ्यात कडक राहतो. दुसरं, पाणी. ज्या दिवशी नळाला नर्मदा येत नाही त्या दिवशी बोरिंगचं पाणी वापरलं जातं, आणि त्या जड पाण्यातले क्षार सालीला मऊ पडू देत नाहीत. शिजवायला नर्मदेचं पाणी राखून ठेवा. टोमॅटो, चिंच, आमचूरही दाणा मऊ झाल्यावरच घाला, आंबटपणाने शिजणं अडतं. झाला की नाही ते बघायला वेगवेगळ्या जागचे पाच-सहा दाणे काढून अंगठा आणि बोटात दाबा. एकही टणक लागला तर कुकर पुन्हा चढवा.

डबाबंद राजमा कारखान्यातच पूर्ण शिजवलेला असतो. तो नुसता धुऊन सॅलडमध्ये घातला तरी चालतो.

खाल्लाच गेला तर

लक्षणं एक ते तीन तासांत सुरू होतात. आधी तीव्र मळमळ आणि उलट्या, नंतर जुलाब, कधी पोटात कळा. यावर उतारा नाही आणि जीवाणू कारण नसल्याने अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. बहुतेकांना सुरुवातीपासून तीन-चार तासांत आराम पडतो. तोवर ओआरएस घोट-घोट द्या. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, पाणीही पोटात टिकत नसेल किंवा उलटीत-शौचात रक्त दिसलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. इंदुरात अशा वेळी आदल्या रात्रीच्या सराफ्याला दोष देणं सोपं असतं. पण डॉक्टरांना गेल्या तीन तासांत काय खाल्लं ते आधी सांगा, आणि त्यात राजमा असेल तर तो कसा शिजवला होता हेही.