पैसे दुप्पट कधी होतील: ७२ने भागावे की लॉग लावावा?

एप्रिल २०२३मध्ये किसान विकास पत्राचा व्याजदर ७.५ टक्के झाला आणि पैसे दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली. हा ११५चा आकडा कुठून आला, ते घरबसल्या पडताळता येते.

आधी तोंडी हिशेब. ७२ला व्याजदराने भागा: ७२ ÷ ७.५ = ९.६ वर्षे. त्याला १२ने गुणले की ११५.२ महिने.

आता नेमके सूत्र. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर ln हे बटण दिसते. एक्सेलमध्ये असे लिहा:

```
=LN(2)/LN(1+7.5/100)
```

उत्तर ९.५८४ वर्षे, म्हणजे ११५.०१ महिने. पोस्टाचा आकडा जुळला. ln ऐवजी log वापरला तरी चालते, कारण आपण दोन लॉगांचा भागाकार करतो; फक्त वर-खाली एकच बटण हवे. चूक बहुधा दशांश चिन्हात होते. १.०७५च्या जागी १.७५ टाकले, तर पैसे सव्वा वर्षात दुप्पट झालेले दिसतील. असे उत्तर आले की आधी तेच तपासा.

७२च का? खरे तर हा आकडा दरानुसार सरकतो. दर अगदी लहान असेल तर तो ६९.३ असतो (२चा ln ०.६९३ आहे), आणि दराच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण एक तृतीयांशाने वाढतो. ८ टक्क्यांच्या आसपास तो ७२ होतो. शिवाय ७२ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी निःशेष भाग जातो, म्हणून तोंडी हिशेबाला तो सोयीचा.

दर ८पासून लांब गेला की फरक दिसू लागतो. वार्षिक ३६ टक्क्यांना नियम २ वर्षे सांगतो, सूत्र २.२५. इथे ६९.३ + १२ = ८१.३ने हिशेब केला तर उत्तर जवळपास बरोबर येते.

पण जास्त घोळ होतो तो चक्रवाढीच्या मुदतीमुळे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के लागत असतील, तर वर्षाचे ३६ धरू नका. महिन्याचाच दर घ्या. ७२ ÷ ३ = २४ महिने, सूत्राने २३.४५. म्हणजे वार्षिक चक्रवाढीपेक्षा साडेतीन महिने आधीच कर्ज दुप्पट.

बँकेच्या मुदत ठेवीवर व्याज बहुधा तिमाही जोडले जाते. ७ टक्के वार्षिक म्हणजे तिमाहीला १.७५. सूत्राने ३९.९५ तिमाह्या, म्हणजे १० वर्षांना जेमतेम कमी. ७२च्या नियमाने १०.२९ वर्षे. अशा ठेवीला ७२ऐवजी ७०ने हिशेब करा: ७० ÷ ७ = १०.

सरळव्याजाला यातले काहीच लागू नाही. तिथे १००ला दराने भागायचे: दरमहा शेकडा तीनने घेतलेली उधारी ३३ महिने १० दिवसांत दुप्पट होते.