बिलापेक्षा जास्त पैसे आले तर

समजा, बडोद्यात रावपुऱ्यातल्या दुकानाने ₹47,200 चं बिल केलं आणि ग्राहकाने बँकेत भरले ₹74,200. जास्तीचे ₹27,000. फरकाला 9 ने पूर्ण भाग जातोय, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली. तरी आधी त्यांचं एखादं जुनं बिल बाकी आहे का, ते खातेवहीत पाहा.

टॅलीत पावती नोंदवताना ₹47,200 या बिलासमोर लावा आणि ₹27,000 वेगळे, ‘Advance’ म्हणून. सगळी रक्कम ‘On Account’ टाकली तर बिल बाकीच दिसत राहतं आणि वसुलीचा फोन जातो! क्रेडिट नोट मात्र काढू नका. बिल बरोबरच होतं. तिने विक्री आणि जीएसटी विनाकारण कमी होतो.

नेहमीचं गिऱ्हाईक असेल आणि पुढचं बिल महिन्याभरात ₹27,000 च्या वर जाणार असेल, तर वळतं करणं सोपं. फक्त व्हॉट्सअॅपवर का होईना, त्यांचा लेखी होकार घ्या. एकदाच येणाऱ्याला सरळ परत करा. सेवेचं बिल असेल तरी परतावाच बरा, कारण सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लागतो. ₹1,000 पर्यंतच्या जादा रकमेवरच्या जीएसटीसाठी मात्र पुढच्या बिलापर्यंत थांबता येतं.

परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात, आणि तोही बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसल्यावरच. ‘दुसऱ्या नंबरवर पाठवा’ असा आग्रह झाला की फसवणुकीचा संशय घ्या.