हिवाळ्यात उठण्याची वेळ ढळू देऊ नका
बेळगाव-खानापूर भागात सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येतो. मात्र सूर्य सर्वांत उशिरा, म्हणजे सातच्या सुमारास, उगवतो तो जानेवारीच्या उत्तरार्धात, म्हणून संक्रांत उलटली तरी पहाटे जाग येणे जड जाते. अशा वेळी झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करावी. रोज साडेसहाला उठणाऱ्याने रविवारीही तेव्हाच उठावे आणि उजाडताच अंगणात किंवा गच्चीवर वीस-तीस मिनिटे थांबावे. धुके असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट प्रखर असतो, आणि शरीराचे घड्याळ मुख्यतः त्यावरच जुळते. रविवारी नऊपर्यंत झोपल्यास रात्री झोप उशिरा लागते आणि सोमवारी पुन्हा डोळे उघडत नाहीत. पुरेशी झोप होऊनही थकवा दोन आठवडे टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे.