शिवी काढा, तक्रार काढू नका

ग्राहकाचा अभिप्राय छापायचाय, पण त्यात शिव्या आहेत. समजा, त्याने लिहिलंय: "भिकारड्यांनो, मिक्सर नुसता कचरा! तिसऱ्याच दिवशी जळका वास, चटणीचं भांडं गळतंय, फोन केला तर हरामखोर उचलत नाहीत." एक तारा.

आधी यातल्या तक्रारी मोजा: मिक्सर कचरा, जळका वास, गळती, न उचललेला फोन. चार. मग फक्त माणसांवर फेकलेले शब्द काढा आणि त्या जागी […] ठेवा, म्हणजे काटछाट झाल्याचं वाचणाऱ्याला दिसेल:

"[…] मिक्सर नुसता कचरा! तिसऱ्याच दिवशी जळका वास, चटणीचं भांडं गळतंय, फोन केला तर […] उचलत नाहीत."

'कचरा' राहू द्या. तो वस्तूबद्दलचा शेरा आहे, कितीही झोंबला तरी. खरी गडबड होते ती वाक्य 'सभ्य' करताना. 'तिसऱ्याच दिवशी जळका वास'चं 'थोडा वास येतो' केलंत की दिवसही गेला आणि जळकेपणाही. म्हणून नवीन शब्द घालायचाच नाही. शेवटी तक्रारी पुन्हा मोजा, चार भरायला हव्यात. तारा एकच राहील.

कधी शिवीतच तक्रार दडलेली असते. 'चोरट्यांनी वापरलेला माल पाठवला' यातलं 'चोरट्यांनी' गेलं तरी 'वापरलेला माल पाठवला' राहायलाच हवं. काटछाट केलेला मजकूर छापण्याआधी ग्राहकाला पाठवा. त्याला मान्य नसेल, तर त्यालाच नव्याने लिहू द्या.